बिल ऑफ लेडिंग आणि कस्टम्स डिक्लरेशनचं भाषांतर: घेणाऱ्याचं नाव आणि मालाचं वर्णन न हलवता

निर्यातीच्या कागदांचं भाषांतर पहिल्यांदा हाती आलं की बहुतेक जण डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या रकान्यापासून सुरुवात करतात आणि एकेक ओळ उतरवत खाली जातात. पत्र किंवा करारनामा असा करता येतो, हे कागद येत नाहीत. यातला जवळपास निम्मा मजकूर भाषांतर करायचाच नसतो, तो अक्षरशः उतरवायचा असतो. काही मजकुराला ठरलेले शब्द असतात आणि ते बदलले तर मालाचा प्रकारच बदलतो. उरलेला मजकूर कायद्याचा असतो, त्यात एक विशेषण गाळलं तरी जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. म्हणून आधी वर्गवारी करायची आणि मगच भाषांतराला हात घालायचा.

मी इथे इंग्रजीतून मराठीत येणारी एक निर्यातीची खेप उदाहरणाला घेतली आहे: एका कंटेनरमधले सुती शर्ट. भाषांची जोडी वेगळी असली तरी क्रम हाच राहतो.

## आधी काय जमवायचं

- दोन्ही कागदांच्या स्वच्छ स्कॅन प्रती, मागच्या बाजूसकट. बिल ऑफ लेडिंगच्या मागे वाहतुकीच्या अटी छापलेल्या असतात आणि ते ऑर्डर बिल, म्हणजे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येणारं बिल, असेल तर पाठीमागेच हस्तांतराच्या सह्या असतात.
- त्याच खेपेचं कमर्शियल इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. यांचं भाषांतर मागितलेलं नसलं तरी पडताळणीला लागतात.
- व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद जुळले की पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीवर, असेल तर त्याची प्रत.
- हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या संबंधित प्रकरणाचा मजकूर. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही मालाची यादी आहे. तिच्या कोडचे पहिले सहा अंक सर्वत्र सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो.
- तीन स्तंभांचा एक तक्ता: मूळ मजकूर, भाषांतर, शंका. तिसरा स्तंभ रिकामा राहिला तर मला तरी काळजी वाटते.

## १. कोणता कागद काय आहे ते ओळखा

कस्टम्स डिक्लरेशन म्हणजे निर्यातदाराने सीमाशुल्क खात्याला दिलेलं निवेदन: हा माल, इतका, इतक्या किमतीचा, अमुक देशात चालला आहे. बिल ऑफ लेडिंग वाहतूकदार देतो. ती माल मिळाल्याची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते, आणि ऑर्डर बिल असेल तर मालावरच्या हक्काचा दस्तऐवजही असते. भारतात निर्यातीच्या डिक्लरेशनला शिपिंग बिल म्हणतात. नावातल्या ‘बिल’मुळे नवखे लोक हे दोन्ही कागद एकच समजतात, किंवा एखाद्याला चक्क इनव्हॉइस समजून त्याचं ‘देयक’ करतात.

बिल ऑफ लेडिंगच्या सहसा तीन मूळ प्रती निघतात. त्यातल्या एकीवर माल सोडवला गेला की बाकीच्या निरुपयोगी होतात. तुमच्यासमोर मूळ प्रत आहे की ‘नॉन-निगोशिएबल कॉपी’ आहे हा शिक्का नीट बघा आणि भाषांतरात तो उतरवा. भाषांतराच्या प्रत्येक पानावर ‘हे भाषांतर आहे, मूळ दस्तऐवज नव्हे’ असं लिहा. भाषांतरावर कोणी माल सोडवू शकत नाही आणि ते तसं दिसताही कामा नये.

## २. तीन रंगांनी खुणा करा

प्रत छापून घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या.

पहिला रंग उतरवण्याच्या मजकुराला: नावं, पत्ते, जहाजाचं नाव, सफर क्रमांक, कंटेनर आणि सील क्रमांक, खोक्यांवरच्या खुणा, कोड, चलनाची संक्षिप्त नावं. FOB, CIF यांसारख्या, खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची हे सांगणाऱ्या इन्कोटर्म्सच्या तीन अक्षरांनाही हाच रंग, आणि त्यांच्यापुढच्या ठिकाणालाही.

दुसरा रंग मालाच्या वर्णनाला: माल काय, कशाचा, कोणत्या बांधणीत, किती.

तिसरा रंग कायदेशीर वाक्यांना: माल जहाजावर चढल्याची नोंद, भाडं कोण देणार, वाहतूकदाराने काय तपासलं आणि काय तपासलं नाही.

रकान्यांची शीर्षकं तेवढी सरळ भाषांतर करून टाका, त्यात फारशी अडचण येत नाही.

## ३. घेणाऱ्याचा रकाना

सगळ्यात महाग चुका इथे होतात. आपल्या उदाहरणातल्या बिल ऑफ लेडिंगवर असं आहे असं धरू. नावं फक्त समजण्यापुरती आहेत.

```
CONSIGNEE:    TO THE ORDER OF XYZ BANK
NOTIFY PARTY: ABC TRADING LLC
```

आणि कस्टम्स डिक्लरेशनवर असं:

```
CONSIGNEE:    ABC TRADING LLC
```

नव्या भाषांतरकाराला वाटतं, एका कागदावर घेणारी बँक आणि दुसऱ्यावर कंपनी, म्हणजे कुठेतरी चुकलं आहे. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर आहेत. सीमाशुल्क खात्याला माल शेवटी कोणाकडे चालला आहे ते हवं असतं. बिल ऑफ लेडिंगवर मात्र पैसे चुकते होईपर्यंत मालावरचा ताबा बँकेकडे राहावा म्हणून तिचं नाव घातलेलं असतं. खरेदीदाराला तिथे फक्त ‘जहाज आलं’ हे कळवायचं असतं. दोन्ही कागद एकसारखे करायला गेलात तर तुम्ही एका कागदातला व्यवहारच बदलाल.

दुसरा सापळा ‘टू द ऑर्डर ऑफ’ या शब्दांचा आहे. ते कानाला फालतू वाटतात म्हणून भाषांतरात ‘माल घेणारा: XYZ BANK’ एवढंच उरतं. पण त्या शब्दांमुळेच हे बिल पाठीमागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येतं. ते गाळले की वाचणाऱ्याला वाटेल, हे नावाचं बिल आहे आणि माल फक्त त्या बँकेलाच मिळेल. मी असं लिहिते:

> माल घेणारा: XYZ BANK यांच्या आदेशानुसार
> सूचना द्यायची तो पक्ष: ABC TRADING LLC

कधी रकान्यात नुसतंच ‘टू ऑर्डर’ असतं, नाव नसतं. तिथे ‘आदेशानुसार’ एवढंच लिहा. याचा अर्थ सहसा माल पाठवणाऱ्याच्या आदेशानुसार असा घेतला जातो, पण तुम्ही तो रकान्यात भरायचा नाही. वाटल्यास टीप द्या.

आता नाव आणि पत्ता. नाव मूळ लिपीत, मूळ स्पेलिंगसह, पूर्णविराम आणि स्वल्पविरामासकट ठेवा. ‘लिमिटेड’चं ‘मर्यादित’ करू नका, संक्षिप्त रूप असेल तर ते उलगडू नका, एलएलसीच्या जागी ‘कंपनी’ लिहू नका. ही अक्षरं त्या संस्थेच्या नोंदणीकृत नावाचा भाग आहेत. रस्त्याच्या नावाचा अर्थ लागत असला तरी त्याचं भाषांतर करायचं नाही. पत्रावरचा पत्ता वाचणारा शहाणपणाने समजून घेईल, पण इथे दोन नोंदी अक्षर अक्षर लावून बघितल्या जातात.

वाचणाऱ्याला देवनागरी उच्चार हवा असेल तर मूळ नावाच्या खाली एकदा द्या, मूळ नावाच्या जागी मात्र देऊ नका. देवनागरीत ‘मोहम्मद’ लिहिलं की ते मूळचं Mohammed होतं, Muhammad होतं की Mohamed, हे परत सांगता येत नाही. उद्या कोणी तुमच्या भाषांतरावरून पुन्हा इंग्रजी कागद बनवला की नावाचं स्पेलिंग बदललेलं असेल.

लेटर ऑफ क्रेडिट असेल तर पत्त्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यूसीपी ६०० या बँकिंग नियमावलीत इतर कागदांवरच्या पत्त्यांना थोडी सूट आहे. देश तोच असेल तर पत्ता तंतोतंत जुळायची गरज नसते. पण वाहतुकीच्या कागदावर कन्सायनी किंवा नोटिफाय पार्टी म्हणून अर्जदाराचा, म्हणजे क्रेडिट उघडणाऱ्या खरेदीदाराचा, पत्ता आला, की तो क्रेडिटमध्ये लिहिल्याप्रमाणेच असावा लागतो. म्हणून याच रकान्यात बँकेची नजर सगळ्यात कडक असते.

मूळ कागदातच स्पेलिंग चुकलेलं दिसलं तर? चूक तशीच उतरवा आणि पुढे चौकोनी कंसात ‘मुळात असेच’ लिहा. मग काम देणाऱ्याला लगेच कळवा. दुरुस्ती बिल ऑफ लेडिंगवर वाहतूकदार करतो आणि डिक्लरेशनवर सीमाशुल्क खात्याच्या प्रक्रियेने होते. तुम्ही भाषांतरात गुपचूप दुरुस्त केलंत तर चूक झाकली जाईल, आणि ती माल बंदरात पोचल्यावरच उघडी पडेल.

## ४. मालाचं वर्णन

डिक्लरेशनवर असं आहे:

```
MEN'S SHIRTS, 100% COTTON, KNITTED
HS CODE 6105.10
480 CARTONS / 11,520 PCS
```

पटकन सुचतं ते भाषांतर ‘पुरुषांचे विणलेले सुती शर्ट’. वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे, कागद म्हणून निरुपयोगी.

कारण कपड्यांची हार्मोनाइज्ड सिस्टिममधली विभागणीच कापड कसं तयार झालं यावर आहे. प्रकरण ६१ मध्ये निटेड किंवा क्रोशाचे कपडे येतात, प्रकरण ६२ मध्ये तसे नसलेले. पुरुषांचा सुती निटेड शर्ट 6105.10 मध्ये जातो, मागावर विणलेल्या कापडाचा सुती शर्ट 6205.20 मध्ये. आपण मराठीत स्वेटरही विणतो आणि मागावर साडीही विणतो, म्हणून ‘विणलेले’ म्हटल्यावर दोन्ही प्रकरणं उघडी राहतात. व्यापारात ‘होजिअरी’ हा शब्द रुळलेला आहे, पण तोही इथे घातक आहे. हार्मोनाइज्ड सिस्टिममध्ये होजिअरी म्हणजे मोजे वगैरे, आणि त्यांचा क्रमांक 6115 आहे. मी ‘निटेड’ हाच शब्द ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘म्हणजे धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून केलेल्या कापडाचे’ अशी तळटीप देते.

बाकीचे शब्दही एकेक करून तपासा. ‘१०० टक्के’ सोडून नुसतं ‘सुती’ लिहू नका. मिश्र धाग्याच्या कापडालाही बोलताना सुती म्हणतात, आणि वर्गीकरण तर कोणता धागा वजनाने जास्त आहे यावर ठरतं. ‘शर्ट’चं ‘टी-शर्ट’ करू नका, त्याचा क्रमांक 6109 आहे. ‘पुरुषांचे’ गाळू नका, बायकांचे निटेड शर्ट आणि ब्लाउज 6106 मध्ये जातात. सबंध ओळीत एकही शब्द सजावटीचा नाही. म्हणून माझं भाषांतर असं:

> पुरुषांचे शर्ट, 100 टक्के कापूस, निटेड

कानाला रुक्ष आहे, क्रमही मराठीत सहज येत नाही, पण असाच असू द्या. मूळ ओळीतला प्रत्येक तुकडा त्याच क्रमाने दिसला की तपासणाऱ्याचं बोट बरोबर पुढे सरकतं.

आता कोड आणि वर्णन एकमेकांशी जुळतात का बघा. 6105.10 चा अधिकृत मजकूर उघडा आणि वर्णनाशेजारी ठेवा. समजा कोड 6205.20 असता आणि वर्णनात निटेड असतं, तर दोघांपैकी काहीतरी एक चुकलेलं आहे. कोणतं, हे ठरवणं तुमचं काम नाही. दोन्ही जसंच्या तसं उतरवायचं, शंकेच्या स्तंभात नोंद करायची आणि निर्यातदाराला किंवा त्याच्या कस्टम्स ब्रोकरला विचारायचं. कोडाला साजेसं वर्णन ओढून आणणं ही या कामातली सगळ्यात मोठी फसगत आहे, कारण तसं केल्यावर कागद छान दिसतो.

बिल ऑफ लेडिंगवर याच मालाचं वर्णन फक्त ‘रेडीमेड गारमेंट्स’ असू शकतं. तिथे ‘तयार कपडे’ लिहा आणि थांबा, डिक्लरेशनवरचा तपशील तिथे भरू नका. लेटर ऑफ क्रेडिटच्या नियमातही इनव्हॉइसवरचं वर्णन क्रेडिटशी जुळावं लागतं, मात्र इतर कागदांवर ते सर्वसाधारण शब्दांत चालतं, त्याच्याशी विसंगत नसलं म्हणजे झालं. थोडक्यात लिहिणं हा बहुतेकदा जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो.

## ५. नग, वजन, तारखा

बिल ऑफ लेडिंगवर मालाच्या रकान्यात बहुधा असं काही असतं:

```
1 X 20' CONTAINER SAID TO CONTAIN 480 CARTONS
CSQU3054383
GROSS WT 3,456 KGS   NET WT 2,880 KGS
```

‘४८० कार्टन’ हा आकडा आणि ‘कार्टन’ हा शब्द दोन्ही जपा. माल हरवला किंवा खराब झाला तर समुद्री वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत वाहतूकदाराची भरपाईची मर्यादा नगावर किंवा किलोवर मोजतात, आणि कंटेनरच्या आत किती नग आहेत हे बिलावर लिहिलेलं असेल तर तोच आकडा धरतात. म्हणजे ‘कपड्यांचा एक कंटेनर’ असं सुटसुटीत भाषांतर केलंत तर दाव्याचं गणितच बदलून दिसेल. कार्टन, क्रेट, गासडी, पॅलेट यांना एकाच ‘खोका’ शब्दाखाली घालू नका. मी कार्टन आणि क्रेट तसेच ठेवते. कार्टन पुठ्ठ्याचा, क्रेट बहुधा फळ्यांचा, दोन्हींना मराठीत ‘पेटी’ म्हटलं की फरक गेला.

आकडे मूळ कागदावर ज्या अंकांत आहेत त्याच अंकांत ठेवा. 120,960 चं 1,20,960 करायचा मोह होतो, पण इनव्हॉइसशी शेजारी ठेवून बघणाऱ्याची नजर तिथे अडखळते. भाषांतर अशा भाषेत चाललं असेल जिथे स्वल्पविराम दशांशाला वापरतात, तर 3,456 किलो हे साडेतीन किलो म्हणूनही वाचले जाऊ शकतात. तिथे कोणती पद्धत वापरली आहे ते पहिल्या पानावर एका ओळीत लिहून टाका.

नंतर साधा हिशोब करा. 480 कार्टन, प्रत्येकात 24 शर्ट, म्हणजे 11,520 नग. निव्वळ वजन 2,880 भागिले 480 म्हणजे कार्टनला 6 किलो. एकूण वजनावरून कार्टनला 7.2 किलो, म्हणजे पुठ्ठा आणि वेष्टन 1.2 किलोचं. पटण्यासारखं आहे. हा हिशोब पॅकिंग लिस्टशी जुळला नाही तर तुम्ही एखादा आकडा उतरवताना चुकला आहात, किंवा मूळ कागदातच घोळ आहे.

कंटेनर क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे आधीच्या चार अक्षरांवरून आणि सहा अंकांवरून तो काढतात. वर 305438 साठी तो 3 येतो. उतरवताना दोन अंकांची अदलाबदल होऊन 304538 झालं, तर तो 1 यायला हवा होता, म्हणजे चूक लगेच पकडता येते. हे गणित करून देणारी साधनं ऑनलाइन मिळतात, प्रत्येक क्रमांक त्यातून काढा. सील क्रमांकाला अशी सोय नाही, तो डोळ्यांनीच दोनदा बघावा लागतो.

तारखेतला महिना अक्षरांत लिहा. 04/05 म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे कागद कुठे तयार झाला त्यावर ठरतं. खात्री नसेल तर विचारा, कारण लेटर ऑफ क्रेडिटमधली माल चढवण्याची मुदत पाळली गेली की नाही, हे माल चढल्याच्या तारखेवरून ठरतं.

## ६. छापील वाक्यं

ही वाक्यं कंटाळवाणी दिसतात म्हणून घाईत उरकली जातात. मी चारच घेते, कारण बहुतेक बिलांवर ती भेटतात.

सेड टु कंटेन: ‘आत अमुक असल्याचे सांगण्यात आले आहे’. वाहतूकदार म्हणतो आहे की मी उघडून मोजलेलं नाही. ‘आत अमुक आहे’ असं लिहिलंत की तुम्ही त्याच्या तोंडी हमी घातली.

शिपर्स लोड, स्टो अँड काउंट: माल भरणं, रचणं आणि मोजणं पाठवणाऱ्याने केलं आहे. तिन्ही क्रियापदं ठेवा.

इन अपॅरंट गुड ऑर्डर अँड कंडिशन: ‘बाहेरून दिसते त्याप्रमाणे सुस्थितीत’. यातलं ‘बाहेरून दिसते त्याप्रमाणे’ गाळलं की अर्थ कितीतरी मोठा होतो.

शिप्ड ऑन बोर्ड आणि रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट: पहिलं म्हणजे माल जहाजावर चढला, दुसरं म्हणजे फक्त ताब्यात घेतला, अजून चढायचा आहे. दोन्हींना ‘माल स्वीकारला’ म्हणणं चालणार नाही.

हाताने लिहिलेले शेरे सोडू नका. ‘३ कार्टन ओले’ असा शेरा असेल तर बिल क्लीन राहत नाही आणि बँक ते नाकारू शकते. शेरा मवाळ करू नका, समजावूनही सांगू नका. शिक्के आणि सह्यांच्या जागी चौकोनी कंसात ‘शिक्का’, ‘सही’ लिहा, आणि सही वाहतूकदाराच्या एजंटने केली असेल तर कोणाच्या वतीने, तेही उतरवा. वाचता न आलेल्या जागी ‘अवाच्य’ लिहा, अंदाज बांधू नका.

## ७. पडताळणी आणि सोपवणं

भाषांतर झाल्यावर दोघांनी बसा. एकाने मूळ कागदावरची नावं आणि आकडे अक्षरांत, अंकांत मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवायचं. वाक्यं यात वाचायची नाहीत, नाहीतर लक्ष शब्दांच्या सौंदर्याकडे जातं. हे एकट्याने करायची वेळ आली तर खालून वर वाचा, म्हणजे डोळे सवयीने पुढचं गृहीत धरत नाहीत.

मग दोन्ही भाषांतरं आणि इनव्हॉइस शेजारी ठेवा आणि फक्त या गोष्टी लावून बघा: कार्टनची संख्या, एकूण वजन, कंटेनर क्रमांक, खोक्यांवरच्या खुणा, खरेदीदाराच्या नावाचं स्पेलिंग. जिथे फरक आहे तिथे तो मुळातच आहे का हे आधी बघा.

सोपवताना तीन गोष्टी द्या: भाषांतर, मूळ कागदाची ज्या प्रतीवरून काम केलं ती, आणि शंकांची यादी. यादीत प्रत्येक शंकेपुढे रकान्याचं नाव, मुळातला मजकूर आणि तुम्ही भाषांतरात काय ठेवलं ते लिहा, म्हणजे निर्यातदाराला तीच ओळ ब्रोकरकडे किंवा वाहतूकदाराकडे सरळ पाठवता येते. प्रमाणित भाषांतर मागितलं असेल तर ते कोणाकडून आणि कोणत्या नमुन्यात चालेल हे काम घेण्याआधीच विचारून घ्या. तो नियम कागद जिथे सादर होणार तिथला असतो, तुमच्या भाषेचा नसतो.